ग्राहकाचा मेल फॉरवर्ड करण्याआधी

प्रश्न: आमच्या सपोर्टच्या मेलबॉक्सवर ग्राहक ओळखपत्राचे फोटो, बँक खाते क्रमांक, काहीही पाठवतात. आम्ही तो मेल संबंधित विभागाला फॉरवर्ड करतो आणि मूळ मेल तसाच ठेवतो. डेटा संरक्षणाच्या नियमांत हे चालतं का?

संबंधित विभागाला कळवायला कुणाची हरकत नाही. अडचण आहे ती अख्खा मेल जोडपत्रांसकट पुढे ढकलण्यात, आणि 'तसाच ठेवतो' यात. युरोपच्या जीडीपीआरमध्ये कलम ५ सांगतं की कामापुरतीच माहिती वापरा आणि काम संपल्यावर ठेवू नका. इतर बहुतेक देशांच्या कायद्यांचा गाभाही थोड्याफार फरकाने हाच आहे.

माझ्याकडे असाच मेलबॉक्स होता. एका ग्राहक बाईंनी परताव्यासाठी लिहिलं होतं: ऑर्डर क्रमांक, खाते क्रमांक, ओळखपत्राचा फोटो, आणि शस्त्रक्रियेमुळे पार्सल उशिरा परत करतेय असं एक वाक्य. काही महिन्यांनी त्यांनी माहिती काढून टाकायला सांगितली. आम्ही मूळ मेल डिलीट केला आणि 'केलं' असं कळवायला निघालो. सहज म्हणून मी ॲडमिनकडून सगळ्या मेलबॉक्समध्ये त्यांचा पत्ता शोधून घेतला. मूळ धरून दहा प्रती होत्या. सपोर्टमध्ये मूळ मेल, शिवाय हिशेब विभागाला आणि गोदामाला पाठवल्याच्या दोन प्रती 'सेंट'मध्ये. हिशेबाच्या ग्रुपवर तीन माणसं, म्हणजे तीन. त्यांतल्या एकाने साहेबांना पाठवला, म्हणून आणखी दोन. गोदामात दोघे. अकरावी प्रत शोधात आलीच नाही. ती एकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडली होती आणि विचारल्यावर सापडली. त्या शस्त्रक्रियेबद्दल गोदामातल्या दोघांनी वाचायचं काय कारण होतं? आरोग्याची माहिती तर जीडीपीआरच्या कलम ९ प्रमाणे विशेष संरक्षणाची.

तेव्हापासून आम्ही 'फॉरवर्ड'चं बटण बाजूला ठेवलं. मेल एकाच जागी, तिकीट सिस्टिममध्ये राहतो आणि पुढच्या माणसाला कोरा नवा संदेश जातो. हिशेबवाल्यांना: 'तिकीट अमुक, परतावा मंजूर, रक्कम एवढी, खाते क्रमांक तिकिटात आहे.' गोदामाला फक्त ऑर्डर क्रमांक आणि कोणती वस्तू परत येतेय ते. तिकिटातला खाते क्रमांक कोणाला दिसावा हे परवानगीने ठरतं. सगळ्यांना सगळं दिसत असेल तर तिकीट म्हणजे दुसरा सामायिक मेलबॉक्सच. विषयाच्या ओळीत नाव किंवा आजार लिहू नका, ती ओळ फोनच्या कुलूपबंद स्क्रीनवरही झळकते. आणि ग्राहकाला उत्तर देताना खाली त्याचा जुना मेल जोडला जातो, त्यातला खाते क्रमांक पुसा.

ओळखपत्राचं म्हणाल तर ज्याने पडताळायचं त्याने पाहावं, 'ओळख तपासली, तारीख, कोणी' एवढी नोंद तिकिटात करावी आणि फोटो काढून टाकावा. एखाद्या कायद्याने प्रत ठेवायला सांगितली असेल तर गोष्ट वेगळी. सिस्टिम मेल आत ओढून घेते तेव्हा मेलबॉक्समध्येही एक प्रत उरते, ती विसरू नका. ट्रॅशही रिकामा करा. परताव्याचा व्यवहार मात्र कराच्या नियमांनुसार काही वर्षं ठेवावा लागतो. म्हणून मुदत मेलला लावू नका, त्यातल्या प्रत्येक माहितीला वेगळी लावा. बॅकअपमधली प्रत लगेच निघत नाही. काय काढलं याची यादी ठेवा, म्हणजे बॅकअप परत चढवला तर तीच माहिती पुन्हा काढता येते.

एखादं कागदपत्र पुढे द्यावंच लागलं तर पीडीएफवर काळी पट्टी ओढून भागत नाही. पट्टीखालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. पाठवण्याआधी आपणच कॉपी करून बघावं. मजकूर उमटला तर झाकलेलं काहीच नाही.

एक चूक हमखास होते: पत्ता आपोआप पूर्ण होतो आणि मेल बाहेरच्या भलत्याच माणसाला जातो. 'रिकॉल'वर विसंबू नका, बाहेरच्या मेलबॉक्समधून तो परत येत नाही. त्या माणसाला डिलीट करून तसं लेखी कळवायला सांगा आणि त्याच दिवशी घटना नोंदवा. जीडीपीआर लागू असेल तर ग्राहकाला धोका संभवतो अशी घटना कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवायची असते. हे तास शनिवार-रविवारीही चालू राहतात. धोका मोठा असेल तर ग्राहकालाही सांगावं लागतं.

आज एकच करायचं असेल तर मेलबॉक्सचे ऑटो-फॉरवर्डचे नियम उघडून बघा. आमच्याकडे सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या खासगी पत्त्यावर मेल जात होते, आणि ते कुणाच्याच लक्षात नव्हतं.