वर्गप्रतिनिधीने पहिल्या दिवशी स्वतःची ओळख कशी करून द्यावी

तुमची ओळख एका मिनिटात संपवा, कारण प्राचार्यांच्या भाषणानंतर मुले थकलेली असतात. नाव आणि तुकडी सांगून लगेच तुमचा उपयोग सांगा: ‘मी स्नेहा, साताऱ्याची, अ तुकडीतली. ओळखपत्र मिळाले नाही किंवा प्रात्यक्षिकाची बॅच समजली नाही, तर मधल्या सुट्टीत मला पहिल्या बाकावर भेटा.’ नाव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. एकदाच ऐकलेले नाव कोणाच्या लक्षात राहत नाही.

बरेच नवे प्रतिनिधी बारावीचे गुण सांगतात आणि तिथेच समोरच्यांशी अंतर पडते. त्याहून महागात पडते ते ‘हजेरीचे मी बघून घेईन’ हे आश्वासन, कारण हजेरी शिक्षकांच्या हातात असते आणि तुम्ही फार तर अर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचवू शकता.