पहिल्या पगारातून आई-बाबांसाठी घेतलेल्या पहिल्या भेटीच्या फोटोला भावनिक कॅप्शन काय लिहावं?

प्रश्न: पहिल्या पगारातून आई-बाबांसाठी पहिल्यांदाच काहीतरी घेतलंय. फोटो टाकायचाय, पण जे कॅप्शन लिहितो ते कुठेतरी वाचल्यासारखंच वाटतं. मनापासूनचं वाटेल असं कसं लिहू?

उत्तर:

भेटीबद्दल लिहू नका, ती फोटोत दिसतेच आहे. ती भेट यायच्या आधी घरात तिच्या जागी काय होतं, ते लिहा. आई-बाबा इतके दिवस कशावर भागवत होते, कोणती गोष्ट ‘बघू पुढे’ म्हणत राहिली होती, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे ते आधी कुठे वाचलेलं असूच शकत नाही.

हे नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून माझ्या धाकट्या बहिणीचं कॅप्शन कसं तयार झालं तेच सांगतो. तिने पहिल्या पगारातून आई आणि बाबांचे डोळे तपासून घेतले आणि दोघांना वाचायचे चष्मे करून दिले. फोटोत दोघं शेजारी बसलेत, नवे चष्मे लावून. तिने आधी लिहिलं होतं ते असं:

“आई-बाबा, आज मी जी काही आहे ती फक्त तुमच्यामुळे. तुमचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत. पहिल्या पगारातून तुमच्यासाठी ही छोटीशी भेट. तुमच्या चेहऱ्यावरचं हसू हीच माझी खरी कमाई!”

यातला शब्दन्‌शब्द तिच्या मनातला होता, याबद्दल मला शंका नाही. पण हेच कॅप्शन साडीच्या फोटोखाली, घड्याळाच्या फोटोखाली, दुसऱ्या कोणाच्याही आई-बाबांच्या फोटोखाली जसंच्या तसं चालेल. तुम्हाला ‘कुठेतरी वाचल्यासारखं’ वाटतंय त्याचं कारण हेच आहे. लिहून झालं की ते मनातल्या मनात दुसऱ्याच्या फोटोखाली ठेवून बघा. तिथेही बसत असेल, तर तुमच्या घरातलं त्यात अजून काही आलेलं नाही.

मी तिला एवढंच विचारलं, “चष्मेच का घेतलेस?” त्यावर ती जे बोलली, त्यातच सगळं होतं. आमच्या घरात वाचायचा चष्मा एकच होता, बाबांचा. त्याच्या एका काडीचा स्क्रू पडला होता आणि तिथे आईने दोरा ओवून गाठ मारली होती. सकाळी पेपर आधी बाबांकडे, मग चष्म्यासकट आईकडे. आईला चाळिशी लागून बराच काळ झाला होता, पण “मला कुठे एवढं वाचायचं असतं” म्हणून ती स्वतःचा चष्मा टाळत आली. डोळे तपासले तेव्हा बाबांचा नंबर अडीच निघाला आणि आईचा दीड. गरजेपेक्षा जास्त नंबरच्या वाचायच्या चष्म्यातून अक्षर स्पष्ट दिसायला कागद डोळ्यांच्या फार जवळ आणावा लागतो. आई पेपर अगदी नाकाशी धरून का वाचायची, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. आम्ही ती तिची सवयच समजत होतो.

मग कॅप्शन असं झालं:

“आमच्या घरात वाचायचा चष्मा एकच होता. पेपर आधी बाबांचा, मग आईचा.
माझ्या पहिल्या पगारातून दोघांचे डोळे तपासून घेतले. बाबांचा नंबर अडीच, आईचा दीड. इतकी वर्षं आई बाबांच्या नंबरने वाचत होती.
आता घरात दोन चष्मे आहेत.”

यात प्रेम, उपकार, कष्ट, अभिमान यांपैकी एकही शब्द नाही. तरी आमच्या मावशीने हे वाचून फोन केला, तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हतं. ‘मला खूप भरून आलं’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला तुमच्या भावनेची बातमी मिळते. ‘आई बाबांच्या नंबरने वाचत होती’ हे वाचलं की भरून येतं ते वाचणाऱ्याला. म्हणून भावनेचं नाव न घेता, ती ज्या गोष्टीमुळे आली ती गोष्ट लिहावी, असं मला मनापासून वाटतं.

आता यातून काय गाळलं तेही सांगतो, कारण अशा कॅप्शनमध्ये खरी चूक तिथेच होते. बहिणीने मध्ये एक वाक्य घातलं होतं: “माझी फी भरायची म्हणून त्यांनी दुसरा चष्मा घेतलाच नाही.” वाक्य खरं होतं, सगळ्यांत भावनिकही तेच होतं. पण ते वाचणार कोण? बाबांचे ऑफिसातले सहकारी, शेजारी, आईच्या मैत्रिणी. मुलीने ज्या ओढगस्तीबद्दल कृतज्ञतेने लिहिलं, ती बाबांनी आयुष्यभर चार लोकांपासून झाकून ठेवलेली असते. त्यांनी तुमच्यासाठी काय सोसलं हे जगाला सांगायचा हक्क त्यांचा आहे, आपला नाही. ते वाक्य बहिणीने एका चिठ्ठीवर लिहिलं आणि ती चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवून दिली. पोस्टमध्ये ते आलं नाही म्हणून काही बिघडलं नाही.

तुमच्या मसुद्यात असं काही आहे का, हे ओळखायला फार विचार लागत नाही. टाकायच्या आधी ते आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा. एखाद्या वाक्यावर त्यांनी नजर वळवली किंवा “हे कशाला लिहितोस” म्हटलं, तर ते वाक्य काढा आणि त्यावर वाद घालू नका. फोटो टाकलेला चालेल का, तेही त्याच वेळी विचारून घ्या. भेटीचा आनंद आणि तो सगळ्यांना दिसण्याचा आनंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ आई-बाबांना पहिलाच पुरतो.

भेटीची किंमत आणि पगाराचा आकडा दोन्ही बाहेर ठेवा. खात्यात पगार जमा झाल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट भेटीच्या फोटोला जोडायची अनेकांना हौस असते, ती टाळा. त्यात खात्याचे काही आकडे आणि शिल्लक दिसते. शिवाय कित्येक ठिकाणी पगार गोपनीय ठेवण्याची अट नोकरीच्या करारातच असते.

मराठीत लिहिताना एक अडचण हटकून येते, ती संबोधनाची. आमच्याकडे आईला ‘अगं, तू’ आणि बाबांना ‘अहो, तुम्ही’. दोघांना उद्देशून एकच वाक्य लिहायला गेलं की ‘तुम्ही’ करावं लागतं आणि आई एकदम परकी वाटायला लागते. बहिणीच्या पहिल्या मसुद्यात नेमकं तेच झालं होतं. वर केलंय तसं ‘आई’, ‘बाबा’ अशी नावं घेऊन त्यांच्याबद्दल लिहिलं, तर हा गुंता राहत नाही. त्यांच्याशीच बोलायचं असेल तर दोघांना एकेक वेगळं वाक्य द्या, घरात ज्याला जसं बोलता तसंच. बाबांनाही ‘अरे’ म्हणत असाल तर कॅप्शनपुरतं ‘अहो’ करू नका. आणि आई-बाबा त्या ॲपवर नसतीलच, तर ‘आई, तुझ्यासाठी...’ हे वाचणार दुसरेच. मग त्यांच्याबद्दल लिहिलेलंच बरं.

सुरुवात कुठून करायची यालाही महत्त्व आहे, कारण इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात आणि बाकीचं उघडावं लागतं. पूर्ण कॅप्शनला 2,200 वर्णांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते (‘पहिला’ हा तीन अक्षरी शब्द तिथे पाच वर्णांचा होतो), पण एवढ्याशा मजकुराला ती मर्यादा आड येत नाही. आड येते ती सुरुवातीची जागा. तिथे ‘आज खूप आनंदाचा दिवस आहे’ लिहिलं तर जागा फुकट गेली. ‘आमच्या घरात वाचायचा चष्मा एकच होता’ वाचलं की माणूस पुढचं उघडतोच. ‘पहिल्या पगारातून’ हे शब्द एकदाच आणि मधे कुठेतरी येऊ द्या. त्यांच्यापासून सुरुवात केली की कॅप्शनचा नायक तुम्ही होता आणि आई-बाबा मागे सरकतात. त्याच कारणासाठी मसुद्यातले ‘मी’ आणि ‘माझं’ एकदा मोजून बघा. बहिणीच्या शेवटच्या कॅप्शनमध्ये ‘माझ्या’ एकदाच आलाय.

हॅशटॅग टाकायचेच असतील तर सगळ्यात खाली टाका. इमोजी मी तरी ठेवला नसता. ‘आता घरात दोन चष्मे आहेत’च्या पुढे रडका चेहरा आला की वाचणाऱ्याने काय वाटून घ्यायचं ते आपणच सांगून मोकळे होतो.

सगळ्या भेटींना मागे अशी जुनी वस्तू नसते, हे खरं. त्यांच्याकडे कधीच नसलेलं काही घेतलं असेल, तर ती वस्तू हातात आल्यावर ते काय बोलले आणि त्यांनी काय केलं ते लिहा. “कशाला एवढा खर्च केलास” हे जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं, म्हणून तिथे थांबू नका. त्यानंतरच्या पाच मिनिटांत काय झालं ते आठवा. आमच्या बाबांनी नवा चष्मा लावून आधी डबीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली, मग आईचा चष्मा मागून तोही लावून पाहिला आणि म्हणाले, “हिच्यातून मला काहीच दिसत नाही.” आई म्हणाली, “मग मला तुमच्यातून कसं दिसत होतं, विचारा.” खरं सांगायचं तर, एवढा संवाद नुसता लिहिला असता तरी उत्तम कॅप्शन झालं असतं.

तुम्ही भेट काय घेतलीत ते प्रश्नात सांगितलेलं नाही. ती काय आहे, आणि ती हातात घेतल्यावर दोघं काय म्हणाले, एवढं खाली कमेंटमध्ये त्यांच्याच शब्दांत लिहा. त्यावरून पहिली ओळ कोणती घ्यायची ते मिळून ठरवू.