आयव्हीएफचं नंतर बघ, आधी ट्यूब तपासल्यात का?

प्रश्न: «लग्नाला बरीच वर्षं झाली. आययूआय करून करून थकलोय. वहिनी म्हणते आता आयव्हीएफच कर, सासूबाई म्हणतात अजून थोडं थांबा. माझं वय ३४. काय करू?»

उत्तर: तुझ्या पोस्टमध्ये ट्यूबच्या, म्हणजे गर्भनलिकांच्या, एक्स-रे तपासणीचा, एचएसजीचा, कुठे उल्लेख नाही म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, फक्त यातून गेलेली आहे.

माझ्या बाबतीत हा विषय मोठ्या नणंदेने काढला. मी म्हटलं, "ताई, आता कंटाळा आलाय, सरळ आयव्हीएफ करून टाकते." ती म्हणाली, "करशील गं, पण आधी फाईल आण." जेवणाच्या टेबलावर तिने कागद पसरले. फॉलिक्युलर स्कॅनचे ढीग, इंजेक्शनची बिलं, ह्यांचा सीमेन रिपोर्ट, सगळं होतं. "एचएसजीची फिल्म कुठाय?" नव्हतीच. कुणी करायला सांगितलीच नव्हती!

आययूआयमध्ये शुक्राणू गर्भाशयात सोडतात, पण बीजाशी त्यांची गाठ पडते ती ट्यूबमध्येच. दोन्ही ट्यूब बंद असतील तर कितीही आययूआय करा, उपयोग शून्य. माझे आययूआय करणाऱ्या क्लिनिकला हे ठाऊक नसेल? दर महिन्याला "या वेळी बीज छान आलंय" ऐकवून पैसे तेवढे घेतले. पैशांचं एक वेळ सोड, पण पस्तिशीच्या आसपास गेलेला वेळ परत येत नाही, तो राग अजून आहे.

एचएसजी पाळी थांबल्यावर, बीज फुटायच्या आधी करतात. पोटात चांगलीच कळ येते, सोबत कुणाला तरी ने. कळ आल्याने ट्यूब आवळली जाऊन गर्भाशयाजवळ खोटाच अडथळा दिसू शकतो, तसं आलं तर लगेच हाय खाऊ नकोस, खात्री करून घे.

माझ्या मात्र दोन्ही खरोखरच बंद निघाल्या, आणि एक पाण्याने फुगलेली. याला हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात. मी म्हटलं, "मग आता आयव्हीएफच ना? त्यात गर्भ बाहेर लॅबमध्येच तयार करतात, ट्यूब लागतच नाही." ताई म्हणाली, "ट्यूब लागत नाही, पण त्यातलं पाणी गर्भाशयात उतरतं त्याचं काय? गर्भ रुजायला तेच आड येतं." नव्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं: आधी लॅप्रोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनने, ती ट्यूब क्लिप लावून बंद करायची किंवा काढायची, मगच गर्भ आत सोडायचा. बीजं कमी असतील तर गर्भ आधी तयार करून गोठवतात आणि ऑपरेशन मधे उरकतात.

तेव्हा माझ्या मते सासूबाईंचं "थांबा" आणि वहिनीचं "कर", दोन्ही त्या फिल्मनंतर. ट्यूब मोकळ्या, सीमेन रिपोर्ट ठीक आणि आययूआय तीन-चारदा फसलेलं असेल, तर मी तुझ्या वहिनीच्या बाजूची.

जाता जाता: पॅकेजचा आकडा तोंडी घेऊ नकोस. इंजेक्शनं, भूल, गर्भ गोठवणं आणि गोठवलेला गर्भ नंतर सोडणं यातलं काय धरलंय ते लिहून माग. आणि क्लिनिकची २०२१ च्या एआरटी कायद्याखालची नोंदणी आहे का, तेही विचार.