पाय दुखतच नाही, मग रोज काय बघायचं?

"मला 11 वर्षं शुगर आहे. पायाला कधी काही झालं नाही, दुखत तर अजिबात नाही. तरी रोज पाय तपासायलाच हवेत का?"

हो, रोजच. अगदी हेच म्हणणाऱ्या एका काकांची गोष्ट सांगते. ते आले होते आहाराचं विचारायला, आणि मी सवयीने म्हटलं, काका, सॉक्स काढा बरं. डाव्या सॉक्सला तळाशी ओला पिवळट डाग होता, अंगठ्याच्या मागच्या उंचवट्याखाली फोड येऊन फुटलेला, आणि काकांना पत्ताच नाही! बुटात हात घालून पाहिलं तर इनसोलची कड दुमडून टणक झालेली, दोन दिवस ते त्याच्यावरच चालत होते. आपण असे चाललो असतो तर लंगडलो असतो ना, पण बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात आणि दुखणं हा जो आपला अलार्म असतो तोच बंद पडतो. म्हणून न दुखणं हे पाय चांगले असल्याचं लक्षण धरू नका.

मग काकूंना एक साधी टेस्ट शिकवली. काकांनी डोळे मिटायचे, काकूंनी बोटाच्या टोकाने दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करायचा, दाबायचं नाही, टोचायचं नाही, आणि काकांनी उजवा की डावा ते सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झालीये असं धरून डॉक्टरांना दाखवायचं. काकांना तीन ठिकाणी कळलं नाही, ते गप्पच झाले. ही टेस्ट रोज लागत नाही हं, रोज लागते ती नजर.

ती कशी, तर रात्री चांगल्या उजेडात तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा नाहीतर घरच्यांना बघायला सांगा. फोड, चीर, लाली, ओलसरपणा, सॉक्सवर डाग, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा सुजलेला लागतोय का, हे बघा. भोवरी काळपट दिसली तर आत रक्त साकळलेलं असू शकतं, ती ब्लेडने कापू नका, कॉर्नची पट्टीही लावू नका, त्यातल्या ॲसिडने चांगली कातडी जळते. आणि बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, हे तर दर वेळी.

काहीही सापडलं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाखवा, तोवर त्या पायावर जोर देऊ नका. काकांची जखम वरवरची होती, पायावरचा भार कमी करून आणि ड्रेसिंग करून तीन आठवड्यांत भरली. आता काकू रोज रात्री त्यांचे पाय बघतात, आणि बुटात हात मात्र काका स्वतः घालतात.