मिंट सतत फेल होतंय: कुठे थांबायचं?

प्रश्न: "इथेरियमवर एनएफटी मिंट करतोय, तीनदा फेल झालं आणि दर वेळी फी कापली गेली. बॉट्समुळे फी वाढतच चाललीय. अजून ट्राय करू का? एका एअरड्रॉपचा क्लेमही बाकी आहे."

चौथ्यांदा बटण दाबायच्या आधी इथरस्कॅनवर फेल झालेलं ट्रान्झॅक्शन उघडा. तिथे `out of gas` दिसत असेल तर गॅस लिमिट कमी पडलीय. ती वाढवा, गॅसचा ग्वेईतला भाव वाढवून उपयोग नाही. `execution reverted` असेल तर काँट्रॅक्टनेच नकार दिलाय. मग त्याच काँट्रॅक्टच्या Read Contract मध्ये `totalSupply` आणि `maxSupply` बघा (नावं थोडी वेगळी असू शकतात). दोन्ही आकडे सारखे झाले असतील तर माल संपला, कितीही फी द्या, काही मिळणार नाही. वॉलेट आधीच "हे फेल होईल" असं सांगत असेल तर त्याचं ऐका.

फेल होऊनही पैसे जातात, कारण नकार मिळेपर्यंतचं काम नेटवर्कने केलेलं असतं. 120 ग्वेईच्या भावात 45,000 गॅस खर्चून नकार आला तर 0.0054 इथर गेलं. बॉटवाले बहुतेकदा खाजगी मार्गाने थेट ब्लॉक बनवणाऱ्यांकडे व्यवहार पाठवतात, फेल होणारा व्यवहार ब्लॉकमध्ये जातच नाही, म्हणून त्यांना ही झळ लागत नाही. ती सोय तुम्हालाही आहे: वॉलेटमध्ये `https://rpc.flashbots.net` हा आरपीसी टाका. नंबर लागेलच असं नाही, पण नकाराचे पैसे वाचतात.

आता थांबायचं कुठे? ब्लॉक सलग भरलेले असले की बेस फी दर 12 सेकंदांनी 12.5 टक्क्यांनी चढते, म्हणजे सव्वा मिनिटात दुप्पट. समजा मिंट 0.08 इथरला आहे, यशस्वी झाल्यास 1,50,000 गॅस लागतो आणि बाजारात तेच 0.11 ला मिळतंय. 120 ग्वेईला गॅस 0.018, एकूण 0.098, अजून परवडतं. 240 ग्वेईला एकूण 0.116 होतं. तिथे थांबा, गर्दी ओसरल्यावर बाजारातून घ्या. आधी गेलेली फी या हिशोबात धरू नका, "एवढे घातलेत तर अजून एकदा" इथेच माणूस फसतो.

अडकलेलं ट्रान्झॅक्शन असेल तर नवीन पाठवू नका, ते मागेच रांगेत बसेल. त्याच नॉन्सने, किमान 10 टक्के जास्त फी लावून, स्वतःच्याच पत्त्यावर 0 इथर पाठवून ते रद्द करा. त्यालाही फी पडते.

एअरड्रॉपचं मात्र वेगळं. यादीत तुमच्या पत्त्यासमोर तुमचा वाटा लिहिलेला असतो, दुसऱ्याचा बॉट तो उचलू शकत नाही. पहिल्या तासात धावपळ करायचं एकच कारण, लगेच विकायचं असेल तर. आर्बिट्रमचा क्लेम 23 मार्च 2023 ला उघडला तेव्हा साइट कोलमडली, पण मुदत 23 सप्टेंबरपर्यंत होती. तुमच्या क्लेमची शेवटची तारीख बघा आणि बेस फी उतरली की शांतपणे करा. मुदतीच्या शेवटच्या दिवसावर तेवढं ढकलू नका, तेव्हा पुन्हा गर्दी होऊ शकते.