बाळाची झोपेची वेळ एका आठवड्यात तासभर अलीकडे कशी आणावी?

प्रश्न: आमचे आठ महिन्यांचे बाळ रात्री १० ला झोपते आणि सकाळी ८ ला उठते. त्याला आठवड्याभरात ९ ला झोपवता येईल का?

उत्तर: येईल, पहिले दोन दिवस ९.४५, पुढचे दोन दिवस ९.३०, नंतरचे दोन दिवस ९.१५ आणि सातव्या दिवशी ९ वाजता झोपवावे. मात्र केवळ रात्रीची वेळ बदलून भागत नाही, कारण शरीराचे घड्याळ मुख्यतः सकाळच्या उजेडावर चालते. म्हणून बाळाला सकाळीही त्याच टप्प्यांनी, म्हणजे ७.४५ पासून ७ पर्यंत, लवकर उठवून लगेच पडदे उघडावेत, आणि दुपारची शेवटची झोपही तेवढीच अलीकडे आणावी. (सकाळी उठवणे जिवावर येते, पण नेमके तेच टाळले की योजना फसते.) अंथरुणावर टाकल्यावर बाळ अर्ध्या तासाहून अधिक काळ टक्क जागे राहून खेळत असेल, तर टप्पा लवकर झाला असे समजावे आणि त्याच वेळेवर आणखी एक-दोन दिवस थांबावे. चार महिन्यांखालील बाळाची झोपेची लय पुरती बसलेली नसल्यामुळे त्याच्यासाठी हे वेळापत्रक वापरू नये.