बायोडिझेल करताना जुन्या तेलाचा साबण का होतो?

प्रश्न: ताज्या रिफाइंड तेलाचं बायोडिझेल व्यवस्थित झालं, पण तळणाचं जुनं तेल घेऊन अगदी तेच केलं तर खाली साबणाचा लगदा जमला आणि थर वेगळे होईनात. फ्री फॅटी ॲसिडमुळे असं होतं म्हणतात, पण नेमकं का? आणि केटॅलिस्ट वाढवला की भागेल का?

फ्री फॅटी ॲसिड थोडं जास्त असेल तर केटॅलिस्ट वाढवून भागतं, खूप जास्त असेल तर अजिबात नाही, आणि हे दोन्ही का ते समजायला आधी ताज्या तेलात काय होतं ते बघू.

तेल म्हणजे ट्रायग्लिसराइड, म्हणजे ग्लिसरीनच्या एका रेणूला तीन फॅटी ॲसिड एस्टर बंधानं जोडलेली. असला मोठा रेणू असल्यामुळे तेल घट्ट असतं, 40 अंशाला डिझेलच्या जवळपास दहापट, आणि इंजिनच्या नोझलमधून ते नीट फवारलं जात नाही. म्हणून आपण ते ग्लिसरीन काढून टाकतो आणि त्याच्या जागी प्रत्येक फॅटी ॲसिडला एकेक मेथॅनॉल जोडतो, की झाले तीन मिथाइल एस्टर, तेच बायोडिझेल.

हे काम करणारा केटॅलिस्ट म्हणजे मेथॉक्साइड. कॉस्टिक पोटॅश म्हणजे KOH मेथॅनॉलमध्ये विरघळवला की तो तयार होतो (विरघळताना चांगलाच गरम होतो, मेथॅनॉल विषारी आहे, वाफ पेट घेते आणि तिची ज्योत उजेडात दिसतही नाही, त्यामुळे हे काम उघड्या हवेशीर जागी, चष्मा आणि हातमोजे घालून, जवळपास आग नसताना). मेथॉक्साइड एस्टरच्या कार्बोनिल कार्बनवर जाऊन चिकटतो, तिथून ग्लिसरीनवाला भाग सुटतो, सुटलेला भाग शेजारच्या मेथॅनॉलचा प्रोटॉन घेतो आणि त्या मेथॅनॉलचा परत मेथॉक्साइड होतो. म्हणजे तो खर्च होत नाही, फिरत राहतो, आणि म्हणूनच लिटरभर ताज्या तेलाला फक्त 7 ग्रॅमच्या आसपास KOH पुरतो. मेथॅनॉल मात्र हिशेबापेक्षा जास्त घालावं लागतं कारण ही उलटसुलट चालणारी रिॲक्शन आहे. तेलाच्या एका रेणूला मेथॅनॉलचे तीन पुरतील असं कागदावर दिसतं पण सहा घेतात, म्हणजे लिटरभर तेलाला साधारण 250 मिली. तापमान 60 च्या थोडं खाली किंवा तिथंच, कारण 65 ला मेथॅनॉल उकळतं. तासभर नीट ढवळलं की ढवळणं थांबवायचं, ग्लिसरीन जड असल्यामुळे आपोआप खाली बसतं, वर हलकं बायोडिझेल.

आता जुनं तेल. तळताना पदार्थातलं पाणी आणि उष्णता मिळून काही ट्रायग्लिसराइड तुटतात आणि फॅटी ॲसिड मोकळी होतात, हेच एफएफए. रिफाइंड तेलात ती आधीच काढून टाकलेली असतात म्हणून तुमचं पहिलं तेल नीट वागलं. या मोकळ्या ॲसिडच्या टोकाला सहज सुटणारा प्रोटॉन आहे, एस्टरला तो नाही. मेथॉक्साइड हा बेस, आणि बेसला प्रोटॉन दिसला की तो बाकी सगळं सोडून आधी तो उचलतो, ही रिॲक्शन जवळजवळ क्षणात होते, एस्टरवरचा हल्ला मात्र मिनिटांच्या हिशेबानं चालतो. त्यामुळे तेलात मेथॉक्साइड पडला की पहिल्यांदा एफएफए संपतात:

```
R-COOH + KOH → R-COOK + H2O
```

R-COOK म्हणजे पोटॅशियमचा साबण. इथं एक गोष्ट लक्षात घ्या, सगळी मेख तिथंच आहे. साबण झालेल्या फॅटी ॲसिडवर आता ऋण भार आहे आणि मेथॉक्साइडवरही ऋण भार, दोघं एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे त्या कार्बनवर मेथॉक्साइड परत कधीच हल्ला करत नाही. बेस कितीही वाढवा, ते फॅटी ॲसिड एस्टर होणार नाही. एस्टर करताना मेथॉक्साइड मोकळा होऊन परत कामाला लागत होता, इथं तो एकदा गेला की गेला. केटॅलिस्ट वाढवणं म्हणजे फक्त गेलेला बेस भरून काढणं, साबण तर तेवढाच होणार.

वर त्या रिॲक्शनमध्ये पाणी निघतंय तेही बघा. बेस असताना पाणी चांगल्या एस्टरलाही तोडतं, त्यातून आणखी साबण होतो आणि त्यात आणखी बेस जातो. तेल ओलं असेल तर हाच प्रकार एफएफए कमी असतानाही होतो, म्हणून जुनं तेल आधी गाळून, 100 च्या वर तापवून बुडबुडे थांबेपर्यंत कोरडं करून, थंड झाल्यावरच मेथॅनॉलजवळ न्यायचं.

आकड्यात बघू म्हणजे अंदाज येईल. तुमच्या तेलाचं टायट्रेशन करा: लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात 1 ग्रॅम KOH विरघळवा, म्हणजे त्याच्या प्रत्येक मिलीत 1 मिलिग्रॅम. छोट्या बीकरमध्ये 10 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, आणि आधी नुसत्या अल्कोहोललाच थेंब थेंब द्रावण घालून फिकट गुलाबी करून घ्या (हे सोडलं तर अल्कोहोलचा स्वतःचा आंबटपणा तेलाच्या खात्यात जातो). मग त्यात बरोबर 1 मिली तेल, आणि हलवत हलवत द्रावण घाला, गुलाबी रंग दहा-पंधरा सेकंद टिकला की थांबा.

समजा 6 मिली लागले. म्हणजे 1 मिली तेलातली ॲसिड मारायला 6 मिलिग्रॅम, लिटरभर तेलाला 6 ग्रॅम KOH. हिशेब सोपा राहावा म्हणून KOH शुद्ध धरतोय. ओलिइक ॲसिड धरून 6 ग्रॅम KOH म्हणजे साधारण 30 ग्रॅम मोकळी ॲसिड, आणि लिटरभर तेलाचं वजन 920 ग्रॅम, म्हणजे एफएफए सव्वातीन टक्के. ऐकायला थोडकं वाटतं. आता तुम्ही ताज्या तेलाचेच 7 ग्रॅम घातले तर त्यातले 6 पहिल्या क्षणात साबणात गेले, सगळं ट्रायग्लिसराइड बदलायला उरला एकच ग्रॅम, मग रिॲक्शन अर्धवट राहणारच. बरं, 7 आणि 6 असे 13 ग्रॅम घातले तर रिॲक्शन पुरी होईल, पण 34 ग्रॅम साबण आणि वर दोनेक ग्रॅम पाणी तयार होईल. लिटरभर तेलातून ग्लिसरीन निघतं 90-95 ग्रॅम, त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त साबण! आणि पाण्यामुळे एस्टर तुटले तर त्याहून अधिक.

साबणाचा रेणू एका टोकाला तेलात रमतो, दुसऱ्या टोकाला पाण्यात आणि ग्लिसरीनमध्ये, म्हणून तो दोन्हींच्या सीमेवर जाऊन बसतो आणि ग्लिसरीनच्या बारीक थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही. थेंब मोठे झाले नाहीत तर खाली बसत नाहीत, आणि थर वेगळे होत नाहीत ते यामुळे. बहुतेक साबण ग्लिसरीनच्या थरात जातो पण जाताना तयार झालेलं बायोडिझेलही सोबत ओढून नेतो, आणि उरलेला साबण वरच्या थरात राहतो. तो धुवायला पाणी घातलं की पाणी आणि बायोडिझेल मिळून मेयोनीजसारखा घट्ट पांढरा थर होतो आणि तो दिवसभर तसाच राहू शकतो. सोडियमचा साबण तर आणखी घट्ट, NaOH वापरलं तर ग्लिसरीनचा थर थंड झाल्यावर जेलीसारखा गोठतो, म्हणून जुन्या तेलाला मी KOH च सांगेन.

लोक यावर एक उपाय करतात तो सांगतो, कारण तो फसवा आहे. हा पांढरा थर म्हणजे इमल्शन, ते फोडायला ॲसिड घालतात. थर लगेच सुटतात, दिसायला स्वच्छ. पण ॲसिडनं साबणाचं परत फॅटी ॲसिड केलं आणि ते बायोडिझेलमध्ये विरघळलं, म्हणजे सुरुवातीला होतं तिथंच परत आलो. समजा त्या 34 ग्रॅममधला पावच साबण वरच्या थरात होता, तरी ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे ग्रॅमभर बायोडिझेलमधली ॲसिड मारायला लागणारे KOH चे मिलिग्रॅम, दीडच्या पुढे जाते, आणि बायोडिझेलच्या EN 14214 आणि ASTM D6751 या दोन्ही मानकांत मर्यादा 0.5 आहे. इमल्शन झालंच तर गरम पाणी आणि मीठ वापरून बघा, आणि धीर धरा.

मग करायचं काय? टायट्रेशन 2 मिलीच्या आत आलं, म्हणजे एफएफए एक टक्क्याच्या आसपास, तर सरळ तेवढा KOH वाढवा आणि पुढे चला, होणारा साबण धुऊन निघतो. 4 च्या आसपासही जमतं पण नुकसान दिसायला लागतं. 6 ला मी बेसनं सुरुवातच करणार नाही, आधी ॲसिडची पायरी करेन.

सल्फ्युरिक ॲसिड असताना फॅटी ॲसिडचा साबण होतच नाही, कारण तिथं प्रोटॉन उचलायला बेसच नाही, उलट कार्बोनिलवर प्रोटॉन बसून तो मेथॅनॉलला सोपा होतो आणि थेट मिथाइल एस्टर होतो. म्हणजे जे वाया जाणार होतं त्याचंही बायोडिझेल. रूढ प्रमाण असं की दर ग्रॅम एफएफएला 2.25 ग्रॅम मेथॅनॉल आणि 0.05 ग्रॅम सल्फ्युरिक, आपल्या 30 ग्रॅमला साडे-सदुसष्ट ग्रॅम मेथॅनॉल म्हणजे 85 मिली आणि ॲसिड फक्त दीड ग्रॅम. ॲसिड आधी मेथॅनॉलमध्ये सावकाश, मग ते तेलात, 60 अंशाला झाकून एक-दोन तास ढवळायचं. अख्खं तेलच ॲसिडनं का करत नाहीत असं वाटेल, तर ट्रायग्लिसराइडवर ॲसिड फारच हळू चालतं, आणि ही पायरी फक्त एफएफए खाली आणायला आहे.

झाल्यावर रात्रभर ठेवा, पाणी मिसळलेलं मेथॅनॉल वर तरंगतं, ते काढून टाका, नाहीतर ते पाणी पुढच्या पायरीत जाऊन साबणच करेल. मग परत टायट्रेशन. यात थोडं सल्फ्युरिकही मोजलं जातं, पण तेही KOH खाणारच आहे त्यामुळे आकडा तसाच धरून KOH वाढवायचा. 2 च्या खाली आला तर बेसची पायरी. अजून 3-4 दाखवत असेल तर वेळ वाढवून उपयोग नाही, रिॲक्शनमध्येच तयार झालेलं पाणी तिला अडवून धरतं. ते पाणीवालं मेथॅनॉल काढून, नवीन मेथॅनॉल आणि थोडं ॲसिड घालून हीच पायरी परत करा.